आजारपणामुळे संख्याशास्त्राच्या असाइनमेंटला मुदतवाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. पहिल्या सत्रात आमची एक असाइनमेंट ठरलेली असते. मिरकरवाड्याच्या जेटीवर जायचं, चाळीस बांगडे निवडायचे, प्रत्येकाची लांबी आणि वजन लिहायचं आणि त्या दोहोंचं नातं रिग्रेशनने काढायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून हे काम ऑगस्टनंतरच देता येतं. नेमका तोच काळ आपल्याकडे डेंग्यूचा आणि लेप्टोचा. त्यामुळे "मॅडम, बरं नाहीये, मुदत वाढवून मिळेल का?" असे मेसेज दरवर्षी येतात आणि त्यातले प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या वर्गापुरती आहेत. तुमच्या कॉलेजात वेगळा नियम असेल तर तो धरा.

१. मुदतवाढ मागायची म्हणजे नेमकं काय सांगायचं?

तीन गोष्टी: किती काम झालंय, किती उरलंय आणि कुठल्या तारखेला द्याल. "थोडे दिवस वाढवून द्या" म्हटलं की माझ्या हातात काहीच येत नाही. दोन दिवस द्यावेत की दहा, हे मी ठरवायचं कशावरून? "२६ मासे मोजून झाले, १४ राहिले, ७ ऑक्टोबरला देतो" एवढं वाचलं की मी लगेच हो किंवा नाही म्हणू शकते. आजाराचं वर्णन दोन ओळींत आटोपलं तरी चालतं, कामाचं वर्णन मात्र नीट हवं.

२. ताप आहे, पण अजून निदान झालेलं नाही. आत्ता कळवू की रिपोर्ट आल्यावर?

आत्ताच कळवा. आणि दोनदा कळवा.

पहिला मेसेज फक्त कल्पना देण्यासाठी असतो. त्यात तारीख मागू नका, कारण तुम्हालाच ती अजून माहीत नसते. डॉक्टरांनी विश्रांती किती दिवस ते सांगितलं की दुसरा मेसेज करा, त्यात नेमकी तारीख मागा. पुष्कळ मुलं रिपोर्टची वाट बघत थांबतात, तोवर मुदतीचा दिवस उजाडतो आणि विनंती रात्री अकरा वाजता येते. ताप खराच असतो, पण आठवडाभर कळवलं का नाही, हा प्रश्न विनाकारण उभा राहतो.

पहिल्या मेसेजसोबत झालेल्या कामाची शीट जोडा, अर्धवट असली तरी. काम मुदतीच्या आत सुरू झालं होतं हे त्यातून आपोआप दिसतं आणि मला वेगळं काही विचारावं लागत नाही. मेसेजचा नमुना प्रश्न ४ मध्ये आहे.

३. किती दिवस मागावेत?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण सांगते.

असाइनमेंट १५ सप्टेंबरला दिली होती, मुदत २९ सप्टेंबर. हॉस्टेलवर राहणारा एक विद्यार्थी दोन सकाळी जेटीवर जाऊन २६ बांगडे मोजून आला होता. २२ तारखेच्या रात्री त्याला ताप भरला. दुसऱ्या दिवशी वडील येऊन त्याला राजापूर तालुक्यातल्या घरी घेऊन गेले. २४ तारखेला डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि त्याच दुपारी त्याने मला पहिला मेसेज केला. २७ ला ताप उतरला.

त्याला वाटलं, ताप गेला, आता ३० तारखेपर्यंत मुदत मागू. डेंग्यूत हा हिशोब फसतो. ताप उतरतो तेव्हाच पुढचे एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात, कारण पेशी कमी होणं, पोटात दुखणं, रक्तदाब उतरणं हे सगळं त्याच वेळी होऊ शकतं. म्हणून डॉक्टर ताप नसतानाही पेशी पुन्हा तपासायला बोलावतात. त्यानंतरही अंगात त्राण नसतं. या मुलाला २ ऑक्टोबरपर्यंत विश्रांती सांगितली होती. वडिलांनी फोनवर ते सांगितलं आणि मग आम्ही उरलेलं काम मोजलं.

१४ मासे मोजायला एक सकाळ. जेटीवर बोटी पहाटे लागतात, म्हणून ही सकाळ दुसऱ्या कशात बसवता येत नाही. आकडे शीटमध्ये भरून पडताळायला एक संध्याकाळ. मॉडेल बसवून आलेख काढायला एक दिवस. निष्कर्ष लिहायला एक दिवस. ३ ऑक्टोबरपासून दिवसाला एकच काम धरलं तर ६ ला काम संपतं. एखाद्या दिवशी पावसामुळे बोटी लागल्याच नाहीत तर, म्हणून एक दिवस जादा. अशी ७ ऑक्टोबर ही तारीख निघाली आणि त्याने तीच मागितली.

म्हणजे मोजायला सुरुवात करायची ती विश्रांती संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ताप उतरल्याची तारीख धरू नका, आणि अंथरुणात गेलेले दिवस मूळ मुदतीत नुसते मिळवूही नका. कुणाचे चाळीसच्या चाळीस मासे मोजून झाले असतील आणि फक्त लिखाण उरलं असेल तर तेवढ्याच तापासाठी दोन दिवस पुरतात.

४. मेसेजमध्ये नेमकं काय लिहू?

वरच्या विद्यार्थ्याचे दोन्ही मेसेज जवळपास असे होते. रोल नंबर बदलला आहे.

२४ सप्टेंबर: "मॅडम, मी एस.वाय., रोल नंबर ३७. सोमवार रात्रीपासून ताप आहे, आज डेंग्यू पॉझिटिव्ह आला. सध्या गावी आहे. बांगड्यांच्या असाइनमेंटचे २६ मासे मोजून झालेत, शीट सोबत पाठवतोय. १४ राहिलेत. २९ ला देणं जमेलसं वाटत नाही. २७ ला परत डॉक्टरांकडे जायचंय, त्यानंतर नेमकी तारीख कळवतो."

२८ सप्टेंबर: "मॅडम, रोल नंबर ३७. डॉक्टरांनी २ ऑक्टोबरपर्यंत विश्रांती सांगितली आहे. ३ ला जेटीवर जाऊन उरलेले मासे मोजेन. ७ ऑक्टोबरला असाइनमेंट दिली तर चालेल का? दाखल्याचा फोटो जोडला आहे. मूळ प्रत कॉलेजला आल्यावर देतो."

दुसऱ्या मेसेजातलं "चालेल का?" महत्त्वाचं आहे. "७ ला देतो" असं परस्पर जाहीर केलं आणि मी दोन दिवस मेसेज पाहिलाच नाही, तर तुम्ही मुदत मिळाली असं धरून बसता. माझा होकार येईपर्यंत मूळ मुदतच लागू असते. उत्तर आलं नाही तर एक दिवस थांबून फोन करा. तब्येतीच्या कारणासाठी फोन केला म्हणून राग येण्याचं काही कारण नाही.

मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, मला फरक पडत नाही. "आदरणीय महोदया, सविनय सादर" वगैरेची गरज नाही.

५. दाखला कुठला लागतो? गावच्या पी.एच.सी.चा चालेल का?

चालतो. सिव्हिलचाच हवा किंवा रत्नागिरीतल्याच डॉक्टरचा हवा, असं काही नाही. ज्यांनी तपासलं त्यांचाच दाखला सर्वांत चांगला. त्यावर तुमचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत विश्रांती, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल्यावर आणि औषधाच्या चिठ्ठीवरही नोंदणी क्रमांक लिहायचा असतो आणि दिलेल्या दाखल्यांची नोंद डॉक्टरांना रजिस्टरमध्ये ठेवायची असते.

म्हणूनच बरं झाल्यावर नव्या डॉक्टरकडे जाऊन मागच्या तारखेचा दाखला मागू नका. ज्यांनी त्या दिवसांत तुम्हाला पाहिलंच नाही ते त्या दिवसांबद्दल काय लिहिणार? दाखला नसेल आणि केसपेपर किंवा औषधाची चिठ्ठी असेल तर तीच पाठवा. त्यावर तारीख असते, मला ती पुरते. दोन दिवसांची सर्दी-तापाची मुदतवाढ तर मी नुसत्या शब्दावर देते.

६. रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता मुदतवाढ मागता येणार नाही का?

येते. ताप कशाचा आहे हे ठरवणं माझं काम नाही आणि तुमचंही नाही. शिवाय निगेटिव्ह म्हणजे आजार नाहीच, असं होत नाही. डेंग्यूची एन.एस.१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, नंतर ती निगेटिव्ह येऊ शकते. लेप्टोचं उलट आहे. त्यात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं तपासतात आणि ती दिसायला साधारण आठवडा लागतो, म्हणून तिसऱ्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह येऊनही लेप्टो असू शकतो. शेतात चिखलात उतरलेली मुलं हे अनुभवतात, आणि डॉक्टरही अशा वेळी रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. मी पाहते ते विश्रांतीचे दिवस, रिपोर्टमधला शब्द नव्हे.

७. आजाराचं नाव सांगायचं नसेल तर?

सांगू नका. "वैद्यकीय कारण, दाखला आहे" एवढं पुरे. पाळीचा त्रास, मानसिक ताण, त्वचेचा आजार, काहीही असो, मी विचारत नाही. रक्ताचे पूर्ण रिपोर्ट तर पाठवूच नका, वर्गाच्या ग्रुपवर चुकूनही नाही. विनंतीही ग्रुपवर न टाकता मला स्वतंत्र पाठवा.

८. २६ मासे मोजून झालेत. मुदतवाढ न घेता तेवढ्यावरच असाइनमेंट दिली तर?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण त्याचं उत्तर संख्याशास्त्रातच आहे. कधी कधी हे मुदतवाढीपेक्षा बरं असतं.

मासे ४० ऐवजी २६ झाले तर उताराची प्रमाण त्रुटी साधारण ४०/२६ च्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. म्हणजे १.२४ पट, जवळपास पाव भागाने जास्त. विश्वास-अंतराल तेवढा रुंद होईल, पण निष्कर्ष सहसा उलटणार नाही. तुमच्या निष्कर्षात ही ओळ आली तर मी एकही गुण कापत नाही.

अट एकच. २६ मासे कसे आहेत ते पाहा. उताराची प्रमाण त्रुटी माशांच्या संख्येइतकीच लांबीच्या पसरटपणावर अवलंबून असते. जेटीवर बांगडे आकाराप्रमाणे वेगवेगळ्या पाट्यांत लावलेले असतात. घाईत एकाच पाटीतले २६ उचलले असतील आणि सगळे १९ ते २१ सेंटिमीटरचे असतील, तर उताराचा अंदाज डळमळीत होतो. तसल्या चाळीसांपेक्षा १४ ते २४ सेंटिमीटरपर्यंत पसरलेले २६ कितीतरी चांगले. म्हणून मला विचारताना मासे किती एवढंच न सांगता सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा बांगडा किती लांब तेही सांगा. पसारा चांगला असेल तर मी "तेवढ्यावर द्या" म्हणते आणि तुमची जेटीवरची एक फेरी वाचते.

बरे होऊन उरलेले मासे मोजणार असाल तर शीटमध्ये तारखेचा रकाना ठेवा. दहा दिवसांनी आलेल्या माशांत गाबोळी भरलेल्या माद्या जास्त असू शकतात, तेव्हा त्याच लांबीला वजन वेगळं येतं. तारीख असली की तो फरक पाहता येतो.

९. मागण्यापेक्षा तापातच उरकून दिलं तर बरं नाही का?

नाही. एक आठवण सांगते. एका मुलीने अंगात ताप असताना रात्री बसून शीट भरली आणि मुदतीत दिली. मॉडेल हेच होतं:

```r
d <- read.csv("bangda_37.csv")
m <- lm(log10(vajan) ~ log10(lambi), data = d)
plot(log10(vajan) ~ log10(lambi), data = d)
summary(m)
```

माशाची लांबी आणि वजन दोन्ही लॉगमध्ये घेतली की उतार तीनच्या जवळपास यायला हवा, कारण लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही साधारण एकाच प्रमाणात वाढतात. तिचा उतार एकाच्याही खाली आला होता. तिने तो तसाच लिहिला आणि "बांगडा लांब होतो पण जाड होत नाही" असा निष्कर्ष काढला. आलेख पाहिला तर एक बिंदू डावीकडे एकटा पडलेला. २१.४ च्या जागी २.१४ टाईप झालं होतं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की लॉगमध्ये बरोबर एकचा फरक पडतो, म्हणून तो बिंदू आपल्या जागेपासून नेमका एक एकक डावीकडे होता. इतका दूरचा एकच बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतो. बरी असती तर तिने हे दहा सेकंदांत पाहिलं असतं. चार दिवस मागितले असते तर मी दिले असते. दिलेली असाइनमेंट परत घेऊन दुरुस्त करायला मात्र मी देत नाही, कारण मग तो नियम सगळ्यांना लावावा लागेल.

१०. उरलेल्या माशांचे आकडे मैत्रिणीकडून घेतले किंवा अंदाजाने भरले तर?

हे कळतं आणि त्याचे शून्य गुण असतात, आजारी असलात तरी. दोन शीटमध्ये तेच मासे मिलिमीटरपर्यंत जुळत नाहीत. मनाने भरलेल्या लांबीच्या शेवटी ० आणि ५ फार येतात. मनाने भरलेलं वजन रेषेवर जास्तच नीट बसतं. खरे दोन बांगडे अगदी सारख्या लांबीचे असले तरी एकाचं पोट भरलेलं असतं, एकाचं रिकामं, त्यामुळे वजन थोडंफार हलतंच. मैत्रिणीचे आकडे खरंच वापरायचे असतील तर मला आधी विचारा. कुणाचे ते लिहून वापरायला मी परवानगी दिलेली आहे.

११. असाइनमेंट दोघांची आहे आणि आजारी मी एकटाच आहे.

काम कसं वाटून घेतलं होतं ते दोघांनी मिळून एकाच मेसेजमध्ये सांगा. ज्याचा भाग झालाय त्याने तो मुदतीत द्यावा, आजारी विद्यार्थ्याचा भाग वेगळ्या तारखेला येईल. निरोग्याला आपोआप मुदतवाढ मिळत नाही. पण मोजमापच आजारी मुलाकडे होतं आणि त्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं असेल तर दोघांनाही देते.

१२. मुदत उलटून गेली. आता विचारलं तर चालेल?

ॲडमिट होतात, सलाईन लागलं होतं, फोन हातात नव्हता, असं असेल तर निःसंकोच विचारा. घरच्यांपैकी कुणी फोन केला तरी चालतो, आईने किंवा भावाने कळवलेलं मी विनंती म्हणूनच धरते. शुद्धीत होतात, फोन होता, तरीही कळवलं नाहीत, असं असेल तर उशिराचे गुण कापले जातील. मात्र वर्गात उत्तरांची चर्चा झाली असेल तर काय होतं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

१३. वाढवून मिळालेल्या मुदतीतही जमत नाहीये, परत ताप आला.

परत मागा, पण या वेळी आधी प्रश्न ८ वाचा. दुसऱ्यांदा मी बहुधा कामच कमी करून देते, कारण तारीख पुढे ढकलत गेलं की पुढच्या असाइनमेंटवर ओझं येतं. दर महिन्याला त्रास देणारा जुना आजार असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच भेटा, म्हणजे प्रत्येक वेळी दाखला आणावा लागणार नाही.

१४. आजारी मी नाही, घरचं माणूस आहे. किंवा बरा आहे, पण पावसात वीज आणि रेंज गेली.

आई ॲडमिट आहे आणि तुम्ही तिच्याजवळ आहात, हे कारण मी स्वतःच्या आजाराइतकंच धरते. तिचे रिपोर्ट मागत नाही. वीज-रेंज ही वेगळी गोष्ट आहे. ती वेगळीच सांगा, तापाखाली घालू नका. चार दिवस गावात लाईट नसणं आपल्याकडे नवीन नाही आणि त्यासाठी मी एक-दोन दिवस सहज देते. रेंज नसेल तर फाईल पेन ड्राईव्हवर घालून एस.टी.ने येणाऱ्या कुणाकडे दिलीत तरी मी स्वीकारते.

१५. सगळं बरोबर असूनही मॅडम किंवा सर नाही म्हणाले, असं कधी होतं?

होतं, दोन वेळा.

एक, अंतर्गत गुण कॉलेजकडून पुढे पाठवायची तारीख जवळ आली असेल तेव्हा. त्यापलीकडची तारीख देणं माझ्या हातात नसतं. तेव्हा विभागप्रमुखांच्या नावाने अर्ज करा, सोबत दाखला आणि माझ्याशी झालेले मेसेज जोडा. आजारपणामुळे राहिलेल्या अंतर्गत मूल्यमापनासाठी कॉलेजचा जो नियम असेल तो तिथून लागू होतो. अर्ज मी स्वतः पुढे पाठवते.

दोन, वर्गात उत्तरांची चर्चा होऊन गेली असेल तेव्हा. त्यानंतर तीच शीट घेण्यात अर्थ नसतो, कारण आलेख कसा दिसायला हवा हे फळ्यावर येऊन गेलेलं असतं. अशा वेळी मी बांगड्यांऐवजी तारल्या देते. काम तेच, मासा वेगळा. तारली बांगड्यापेक्षा लहान, म्हणून पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यानेच वाचणारा काटा चालत नाही, एक ग्रॅमचा लागतो. तो विभागातून सही करून न्यावा लागतो. जेटीवर जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत या.